नऊ दिवस, सात दिवस की सहा? रजेच्या अर्जातला हिशोब

‘घरी लग्नकार्य असल्याने मला 27 एप्रिलपासून 5 मेपर्यंत रजा मिळावी, ही विनंती.’ रजेचे बहुतेक अर्ज असेच एका वाक्यात संपतात. वाचताना त्यात काही कमी आहे असे वाटत नाही. पण 2026 चे कॅलेंडर उघडून या तारखांवर बोट ठेवा. 1 मेचा शुक्रवार मध्ये येतो, तो महाराष्ट्र दिन. त्याला लागून शनिवार आणि रविवार. मग ही रजा किती दिवसांची?

पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयातला कर्मचारी सहा दिवस सांगेल. बँकेतला सात सांगेल. त्याच सरकारी कार्यालयात किरकोळ रजेऐवजी अर्जित रजेचा अर्ज असेल, तर आस्थापना शाखेतला लिपिक नऊ लिहील. तिघांपैकी चुकलेला कोणीच नाही. आणि अर्जदार कामावर कधी येणार, हे तर त्या वाक्यात आलेलेच नाही. 5 मे रजेत धरायची की त्या दिवशी साहेबांनी वाट बघायची?

सुट्ट्या मध्ये नसतील तेव्हा असा अर्ज चालून जातो. सोमवार ते बुधवार म्हणजे तीन दिवस, गुरुवारी हजर; त्यात कोणाचे दुमत होत नाही. शनिवार-रविवार किंवा सणाची सुट्टी मध्ये आली की एकाच रजेचे तीन आकडे तयार होतात.

तीन वेगळे आकडे

पहिला आकडा अनुपस्थितीचा. तुम्ही एकूण किती दिवस कार्यालयात दिसणार नाही, त्याचा. यात सुट्टीचे दिवसही आले, कारण बाहेरगावी असलेला माणूस रविवारीही बाहेरगावीच असतो. दुसरा आकडा कामाच्या दिवसांचा. तुम्ही रजेवर नसता तर ज्या दिवशी कामावर आला असता, तेवढेच दिवस यात मोजायचे. तिसरा आकडा रजा खात्यातून वजा होणाऱ्या दिवसांचा. तो कधी पहिल्या आकड्याजवळ जातो, तर कधी दुसऱ्याशी तंतोतंत जुळतो. कोणाशी जुळणार, हे रजेचा प्रकार आणि तुमच्या आस्थापनेचा नियम ठरवतो.

या तिघांची गरज वेगवेगळ्या माणसांना असते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दुसरा आकडा हवा, कारण तेवढ्या दिवसांचे काम त्याच्याकडे येणार. लेखा किंवा आस्थापना शाखेला तिसरा हवा. वरिष्ठांना पहिला हवा, आणि त्याहूनही जास्त हवी ती हजर होण्याची तारीख. अर्जात नुसते ‘सहा दिवस’ लिहिले, तर प्रत्येक जण तो आपल्याला हवा असलेलाच आकडा आहे असे धरून चालतो. घोळाची सुरुवात तिथे होते.

बोट ठेवून मोजणी

आधी पहिला आकडा काढू. 5 मेमधून 27 एप्रिल वजा करताना अनेक जण एप्रिलचे उरलेले तीन दिवस आणि मेचे पाच मिळवून आठ म्हणतात. उत्तर नऊ आहे. वजाबाकी दोन तारखांमधले अंतर सांगते. रजेत मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरायचे असतात. म्हणून वजाबाकी केली की एक मिळवायचा. खात्री करायची असेल तर एका दिवसाची रजा घेऊन बघा: 27 ते 27 एप्रिल. वजाबाकी शून्य येते, रजा मात्र एक दिवसाची असते.

आता दुसरा आकडा. समजा, अर्जदार राज्य शासनाच्या तालुक्याच्या कार्यालयात लिपिक आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. अत्यावश्यक सेवा, शाळा, रुग्णालये यांसारखी काही ठिकाणे त्यातून वगळलेली आहेत. या लिपिकाचे दिवस असे पडतात. सोमवार 27, मंगळवार 28, बुधवार 29 आणि गुरुवार 30 एप्रिल, हे चार कामाचे. शुक्रवार 1 मे सार्वजनिक सुट्टी. शनिवार 2 आणि रविवार 3 मे साप्ताहिक सुट्टी. सोमवार 4 आणि मंगळवार 5 मे पुन्हा कामाचे. म्हणजे कामाचे सहा, सुट्टीचे तीन, एकूण नऊ. बेरीज जुळली. ही बेरीज दरवेळी करून बघावी, कारण सुट्टी दोनदा वजा करण्याची चूक तिथेच पकडली जाते. 2026 मध्ये बुद्ध पौर्णिमाही 1 मे रोजीच आहे. सुट्ट्यांची यादी वरून खाली वाचत मोजणाऱ्याला त्या तारखेसमोर दोन नावे दिसतात आणि तो दोन दिवस कमी करून मोकळा होतो. सुट्टी शनिवारी किंवा रविवारी आली तरी हेच होते: साप्ताहिक सुट्टी म्हणून एकदा वजा, सण म्हणून पुन्हा एकदा. 2026 चा स्वातंत्र्य दिन शनिवारी आहे, तेव्हा ऑगस्टमध्ये पाच दिवसांच्या आठवड्यातल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे.

तारखा त्याच, हिशोब वेगळा

हाच अर्ज बँकेतल्या माणसाने केला तर? बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. 2 मे हा मेचा पहिला शनिवार, म्हणजे बँक उघडी. त्यामुळे बँक कर्मचाऱ्याच्या कामाच्या दिवसांत तो शनिवार मिळतो आणि सहाचे सात होतात. उलट रजेच्या अगोदरचा 25 एप्रिल हा चौथा शनिवार, त्याला सुट्टी. शनिवारला सरसकट ‘सुट्टी’ किंवा सरसकट ‘कामाचा’ म्हणणारा माणूस इथे हमखास एका दिवसाने चुकतो.

सहा दिवस चालणाऱ्या आणि रविवारी बंद असणाऱ्या कारखान्यातही उत्तर सात येते. साप्ताहिक सुट्टी बुधवारी असलेल्या आणि 1 मे रोजीही ड्युटी लागणाऱ्या माणसाचे मात्र आठ दिवस होतात, कारण त्याच्यापुरता सुट्टीचा एकच दिवस, बुधवार 29 एप्रिल, मध्ये येतो. पाळीत काम करणाऱ्यांनी म्हणून अर्जात आपली साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे ते लिहावेच. वाचणाऱ्याच्या मनात ती रविवारीच असते.

पुण्यात बसून लंडनच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. 1 मे रोजी पुण्याचे कार्यालय बंद, लंडनचे चालू. ब्रिटनमध्ये मेच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो. 2026 मध्ये तो 4 मे रोजी येतो. त्या दिवशी पुण्यात काम असते. ‘सहा कामाचे दिवस नाही’ एवढेच कळवले, तर लंडनचा माणूस स्वतःच्या सुट्ट्या वजा करून मोजणार आणि त्याचेही उत्तर योगायोगाने सहाच येणार. पण त्याचे सहा दिवस वेगळे असतील. त्याला 1 मेचा शुक्रवार सुट्टीचा आहे हे ठाऊकच नसेल. आकडा जुळला म्हणून समजूत जुळली असे होत नाही. अशा ठिकाणी कोणत्या दिवसाला सुट्टी धरली आहे, ते तारखेसह लिहिणे हाच उपाय.

मधली सुट्टी आणि कडेची सुट्टी

आता तिसरा आकडा, जो थेट रजेच्या शिलकीला लागतो. सरकारी नोकरीत किरकोळ रजा, म्हणजेच नैमित्तिक रजा, वर्षाला आठ दिवस मिळते. तिच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या रजा म्हणून मोजल्या जात नाहीत. म्हणजे आपल्या लिपिकाने किरकोळ रजा घेतली, तर खात्यातून सहा दिवस जातील. सलग किती दिवस अशी रजा द्यायची याला मर्यादा असते, तेव्हा सहाच्या सहा मंजूर होतीलच असे नाही. पण मोजणी कामाच्या दिवसांचीच होते.

अर्जित रजेचे तसे नाही. ती 1 जानेवारीला पंधरा आणि 1 जुलैला पंधरा दिवस, अशी खात्यात जमा होते. तिच्या कालावधीत मध्ये येणारा प्रत्येक दिवस, मग तो रविवार असो की महाराष्ट्र दिन, रजेतच धरला जातो. म्हणून तिथे नऊ. कडेच्या सुट्ट्यांना मात्र सवलत आहे. रजा सुरू होण्याच्या लगेच आधी किंवा संपल्यावर लगेच नंतर सुट्टी असेल, तर ती रजेला जोडून घेता येते आणि रजा खात्यातून वजा होत नाही. केंद्र सरकारच्या 1972 च्या रजा नियमांतला 22 वा नियम हेच सांगतो. राज्यातही जोडसुट्टीची पद्धत आहे आणि तिची परवानगी अर्जातच मागून ठेवणे शहाणपणाचे.

याचा परिणाम किती होतो, ते आपल्याच उदाहरणात पाहू. लिपिकाने 27 एप्रिल ते 5 मे अशी अर्जित रजा घेतली आणि आधीचे शनिवार-रविवार, 25 व 26 एप्रिल, जोडून घेतले. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय सुटल्यापासून बुधवारी सकाळपर्यंत तो अकरा दिवस मोकळा. खात्यातून गेले नऊ दिवस. आता रजा 30 एप्रिलला, गुरुवारी संपवली तर? 1, 2 आणि 3 मे या तिन्ही सुट्ट्या मधल्या न राहता कडेच्या होतात. तो 25 एप्रिल ते 3 मे असे नऊ दिवस मोकळा राहतो आणि खात्यातून जातात फक्त चार. पुढच्या सोमवार-मंगळवारच्या दोन दिवसांसाठी त्याला पाच दिवसांची अर्जित रजा मोजावी लागते. लग्न 4 तारखेला असेल तर इलाज नाही. पण नुसते परतीचे तिकीट मिळाले नाही म्हणून रजा लांबत असेल, तर हा हिशोब आधी कळलेला बरा.

यावर अनेकांना एक युक्ती सुचते. चार दिवसांची एक रजा आणि दोन दिवसांची दुसरी, असे दोन अर्ज करायचे. म्हणजे मधल्या तीन सुट्ट्या वाचतील. मध्ये प्रत्यक्ष कामावर हजर न होता केलेले असे तुकडे सलग रजाच मानली जाते. शेवटचे दोन दिवस किरकोळ रजा टाकू, म्हणाल तर किरकोळ रजा अर्जित रजेला जोडून घेता येत नाही.

खासगी कंपन्यांत मधल्या सुट्टीचा हा नियम ‘सँडविच’ नावाने ओळखला जातो. गुरुवार 30 एप्रिल आणि सोमवार 4 मे, अशी दोनच दिवसांची रजा टाकणाऱ्याच्या दोन्ही दिवसांच्या मध्ये तीन सुट्ट्या येतात. सँडविच नियम असलेल्या कंपनीत पाच दिवस वजा होतात, नसलेल्या कंपनीत दोन. नियम आहे की नाही, तो कोणत्या रजेला लागतो आणि फक्त शनिवार-रविवारला लागतो की सणाच्या सुट्टीलाही, हे कंपनीच्या रजा धोरणात लिहिलेले असते. पगारपत्रकात बिनपगारी दिवस दिसल्यावर ते धोरण शोधत बसण्यात अर्थ नाही.

याच्या अगदी उलट बाजू 1948 च्या कारखाने अधिनियमाने घेतली होती. त्याच्या 79 व्या कलमानुसार पगारी रजेच्या मध्ये किंवा दोन्हींपैकी कोणत्याही कडेला आलेली सुट्टी रजेत धरायची नसे. वाचताना कामगाराचे भाग्य मोठे वाटेल. पण त्याच कलमानुसार रजा मिळे ती वर्षात किमान 240 दिवस काम केल्यावर, दर वीस दिवसांमागे एक. म्हणजे 240 दिवसांना बारा. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला तीस मिळतात, पण त्या तीसमध्ये रविवारही भरले जातात. एकाची रजा कॅलेंडरच्या दिवसांत दिलेली, दुसऱ्याची कामाच्या दिवसांत. म्हणून शेजाऱ्याच्या तीस दिवसांशी आपल्या बारा दिवसांची तुलना करण्याआधी दोघांच्या रजेत सुट्ट्या कशा धरतात, ते विचारावे.

हजर होण्याची तारीख

हजर होण्याची तारीख म्हणजे रजेच्या शेवटच्या दिवसानंतर येणारा पहिला कामाचा दिवस. नियम साधा आहे, तरी दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले, रजेची शेवटची तारीख आणि हजर होण्याची तारीख एकच समजली जाते. ‘5 मेपर्यंत रजा’ म्हणताना अर्जदार 5 तारीख रजेत धरतो आणि वाचणारा त्या दिवशी तो येईल असे समजतो. ‘27 एप्रिल ते 5 मे, दोन्ही दिवस धरून’ एवढे लिहिले की प्रश्न मिटतो.

दुसरे, शेवटच्या तारखेनंतरचा दिवस डोळे झाकून लिहिला जातो. रजा 30 एप्रिलला संपत असेल तर हजर होण्याची तारीख 1 मे नाही. ती आहे सोमवार, 4 मे. बँकेतल्या माणसाची मात्र शनिवार, 2 मे. तारखेशेजारी वार लिहिण्याची सवय इथे उपयोगी पडते. ‘1 मे, शुक्रवार’ असे लिहिता लिहिताच हात थांबतो. वार लिहिलेला असला की टंकनाची चूकही उघडी पडते. ‘बुधवार, 5 मे’ असे कोणी लिहिले, तर वार आणि तारीख जुळत नाही हे वाचणाऱ्याला दिसते आणि तो विचारतो. नुसते ‘5 मे’ असेल तर कोणी विचारत नाही.

‘मी मंगळवारी परत येतोय’ हेही असेच धोक्याचे वाक्य. मंगळवारी रात्री गाडीतून उतरणारा आणि मंगळवारी सकाळी टेबलावर बसणारा, दोघेही हेच वाक्य बोलतात. प्रवास आणि काम यांचे दिवस वेगळे सांगावेत. सरकारी कागदात ‘म.पू.’ म्हणजे मध्यान्हपूर्व रुजू, असे लिहिण्याची रीत आहे. सकाळपासून हजर, एवढाच तिचा अर्थ आणि तो नेमका आहे. परदेशी सहकाऱ्याला कळवताना महिना अक्षरांत लिहावा. 6/5/2026 ही तारीख अमेरिकेत 5 जून म्हणून वाचली जाते.

अर्ज असा लिहावा

हे सगळे अर्जात आणायला पानभर मजकूर लागत नाही. आपल्या लिपिकाचा अर्जित रजेचा अर्ज असा होईल:

‘मला सोमवार, 27 एप्रिल 2026 ते मंगळवार, 5 मे 2026 (दोन्ही दिवस धरून) अशी 9 दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. या कालावधीत कामाचे 6 दिवस असून 1 मे (महाराष्ट्र दिन), 2 मे (शनिवार) व 3 मे (रविवार) या सुट्ट्या येतात. रजेच्या आधी 25 व 26 एप्रिल (शनिवार, रविवार) या सुट्ट्या जोडून घेण्याची व 24 एप्रिल रोजी कार्यालयीन वेळेनंतर मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. मी बुधवार, 6 मे 2026 रोजी म.पू. रुजू होईन.’

चार वाक्यांत तिन्ही आकडे, सुट्ट्यांची नावे आणि हजर होण्याची तारीख आली. ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ ही ओळ रिकामी औपचारिकता नाही. जोडून घेतलेल्या शनिवार-रविवारी तुम्ही रजेवर नसता, पण गावातही नसता. तेवढ्या दोन दिवसांचा आधार या ओळीत असतो.

खासगी कार्यालयातल्या ईमेलला इतके लागत नाही. तिथे विषयाच्या ओळीतच तारखा टाकाव्यात आणि मजकूर दोन ओळींचा ठेवावा: ‘मी सोमवार 27 एप्रिल ते मंगळवार 5 मे रजेवर आहे; कामाचे दिवस 6 (1 मेची सुट्टी आणि 2-3 मेचे शनिवार-रविवार वगळून). बुधवार 6 मे रोजी सकाळपासून कामावर असेन.’ रजेच्या काळात आपोआप जाणाऱ्या उत्तरात तर दिवसांची संख्या नकोच. बाहेरच्या माणसाला तुमच्या रजेचा आकडा काय करायचा? त्याला 6 मे ही तारीख पुरते.

मोजणी संगणकाकडून

रजा लांबची असेल किंवा वीस जणांचा तक्ता करायचा असेल, तर एक्सेलमध्ये यासाठी तयार सूत्रे आहेत. पहिले सूत्र शनिवार, रविवार आणि दिलेली सुट्टी वगळून कामाचे दिवस देते. दुसरे फक्त रविवारची सुट्टी धरते. त्यातला 11 हा आकडा तेच सांगतो. तिसरे हजर होण्याची तारीख काढते.

```
=NETWORKDAYS(DATE(2026,4,27),DATE(2026,5,5),DATE(2026,5,1))
=NETWORKDAYS.INTL(DATE(2026,4,27),DATE(2026,5,5),11,DATE(2026,5,1))
=WORKDAY(DATE(2026,5,5),1,DATE(2026,5,1))
```

उत्तरे अनुक्रमे 6, 7 आणि 6 मे अशी येतात. तिसऱ्या सूत्रात तारखेऐवजी 46148 असा आकडा दिसला तर घाबरू नये. ती तारीखच आहे, त्या चौकटीला तारखेचे स्वरूप द्यावे. सुट्ट्या एकाहून जास्त असतील तर त्या एका रकान्यात लिहून त्या रकान्याचा पत्ता सूत्रात द्यायचा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारसाठी वेगळा आकडा नाही. बँकेतल्यांनी 11 वापरावा आणि ते दोन शनिवार सुट्ट्यांच्या रकान्यात तारखेने भरावेत. सूत्राला महाराष्ट्र दिन ठाऊक नसतो. रकाना रिकामा सोडला तर ते 1 मेला कामाचाच दिवस मानते आणि कुठलीही सूचना देत नाही.

हाच नियम ऐच्छिक सुट्टीलाही लावावा. यादीत नाव आहे म्हणून ती वजा करायची नसते. तुम्ही ती निवडून मंजूर करून घेतली असेल, तरच तो दिवस तुमच्यापुरता सुट्टीचा.

सुट्टी हलली तर

सगळे नीट मोजूनही एक गोष्ट अर्जदाराच्या हातात नसते. 2025 मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी 5 सप्टेंबर, शुक्रवारी होती. राज्य शासनाने मुंबई शहर आणि उपनगरासाठी ती सोमवार, 8 सप्टेंबरला नेली. गुरुवारी 4 तारखेला एक दिवस रजा टाकून सोमवारी हजर होऊ, असे ठरवलेल्या मुंबईच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या कर्मचाऱ्याचे दोन्ही हिशोब बदलले. शुक्रवार कामाचा झाला, म्हणजे रजा एकाची दोन दिवसांची. आणि हजर होण्याचा दिवस सोमवारऐवजी मंगळवार, 9 सप्टेंबर.

अशा वेळी मूळ अर्जात सुट्टीची तारीख लिहिलेली असली की दुरुस्ती एका ओळीची राहते: कोणती सुट्टी हलली, रजेचे दिवस आता किती, हजर होण्याची नवी तारीख कोणती. ‘एक दिवस रजा’ एवढाच अर्ज असेल, तर शुक्रवारची गैरहजेरी कशात धरायची यावर पुढे चर्चा होत राहते. आजारपणाने रजा वाढवतानाही हेच करावे. ‘आणखी तीन दिवस’ न लिहिता वाढीव रजेची पहिली आणि शेवटची तारीख व हजर होण्याची नवी तारीख लिहावी. कारण आणखी तीन म्हणजे कामाचे तीन की रविवार धरून तीन, हा प्रश्न तिथेही उभा राहतो.

शेवटी एक काम कामावर परतल्यानंतरचे. रजा मंजुरीचा आदेश आणि रजा खात्यातली नोंद शेजारी ठेवून बघा. सरकारी नोकरीत ही नोंद सेवापुस्तकातल्या रजा खात्यात असते, खासगी नोकरीत मनुष्यबळ विभागाच्या पोर्टलवर. फरक दिसला तर आधी तपासा, की तो मधल्या सुट्टीमुळे आलेला आहे की कडेच्या. कडेच्या सुट्ट्या रजेत धरल्या गेल्या असतील, तर त्याच आठवड्यात लेखी विचारा आणि सोबत तुमच्या अर्जाची प्रत जोडा. तारखा, वार आणि सुट्ट्यांची नावे असलेला अर्ज हातात असेल तर ही दुरुस्ती सहसा एका टिपणीत होते; निवृत्तीच्या वेळी रजेच्या शिलकीची रक्कम निघताना वीस वर्षांपूर्वीची चूक शोधायची वेळ आणू नका.